हवा कमी नव्हती, नळी बारीक होती

चिपळूणजवळ दारं-खिडक्या बनवणारं एक वर्कशॉप आहे. जुलैत तिथे गेलो, तेव्हा सागवानी दारावर नुकताच पीयू पॉलिशचा हात मारला होता आणि त्यावर बारीक बुडबुडे उठले होते. शेजारी सँडर रेंगाळत फिरत होता. "हवाच पुरत नाही हो. 5 हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर काढून 10 चा घेतो," मालक म्हणाले. मी त्यांना म्हटलं, आधी एक मीटर लावून बघू.

टाकीवरचा काटा 6 किलो दाखवत होता. (कारागीर प्रेशर किलोत मोजतात, ते साधारण बारइतकंच असतं.) दुसरा मीटर सँडरच्या तोंडाशी जोडला. सँडर बंद असताना तिथेही 6 दिसले. चालू केल्यावर काटा 4 वर आला. हवा वाहत नसते तेव्हा पाइपात प्रेशर पडतच नाही, म्हणून बंद हत्यारावर घेतलेलं माप फसवतं.

मधले 2 किलो 10 मीटरच्या होजमध्ये जात होते. त्याचा आतला व्यास होता 6 मिलिमीटर. सँडर मिनिटाला 12 घनफूट हवा ओढतो. तेवढ्या हवेला 8 मिलिमीटरच्या होजमध्ये अर्धा किलो घट येते आणि 10 च्या होजमध्ये त्याहूनही खूप कमी. घट व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणजे व्यास दुप्पट झाला तर ती जवळजवळ बत्तिसाव्या हिश्शावर येते. भिंतीवरच्या 40 मीटर अर्धा इंची जीआय लाइनमध्ये, सँडर आणि गन दोन्ही चालू असताना, फक्त 0.2 किलो जात होते. एक इंची लाइन टाकली असती तर तेही उरले नसते, पण खरा चोर शेवटचा होजच होता. अशा वेळी लोक कॉम्प्रेसरचं प्रेशर वाढवतात. प्रत्येक वाढीव किलोमागे वीज मात्र साधारण 7 टक्के जास्त जाते.

आता टाकी. त्यांचा कॉम्प्रेसर मिनिटाला 16 घनफूट हवा देतो. सँडर आणि गन मिळून 24 ओढतात, म्हणजे 8 घनफुटांची तूट टाकीला भरून काढावी लागते. प्रेशर 1 किलोने उतरलं की टाकी आपल्या आकारमानाइतकी मोकळी हवा सोडते. त्यांची टाकी 220 लिटरची. 8 वरून 6 किलोवर येताना ती 440 लिटर, म्हणजे साधारण साडेपंधरा घनफूट हवा देते. कॉम्प्रेसर सुरूच आहे असं धरलं तरी ही हवा दोन मिनिटंही पुरत नाही. दाराची एक बाजू पुरी करायला त्यांना चार मिनिटं लागतात. चार मिनिटांची तूट 32 घनफूट, म्हणजे साधारण 900 लिटर. 2 किलोच्या उतारात तेवढी हवा द्यायची तर टाकी 450 लिटरची हवी, म्हणून 500 ची घ्यावी. पण टाकी हवा साठवते, निर्माण करत नाही. दिवसभराची सरासरी गरजच 16 घनफुटांच्या वर असेल तर मात्र मोठा कॉम्प्रेसर घ्यावाच लागतो.

आणि बुडबुडे? ते पाण्याचे. 30 अंश आणि 80 टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये 24 ग्रॅम वाफ असते. हा कॉम्प्रेसर तासाला 27 घनमीटर हवा ओढतो, म्हणजे साडेसहाशे ग्रॅम पाणी. दाबलेली हवा टाकीत 40 अंशांपर्यंत निवली की त्यातलं पाचशे ग्रॅम तळाशी साचतं. ड्रेन कॉक रोज उघडला तर ते निघून जातं. उरलेलं दीडशे ग्रॅम वाफ होऊन पुढे जातं, लाइनमध्ये हवा आणखी निवली की थेंब होतं आणि थेट पॉलिशमध्ये उतरतं.

यासाठी रेफ्रिजरेटेड ड्रायर पुरेसा आहे. तो हवेचा दवबिंदू 3 अंशांवर आणतो, आणि कोकणातला पाइप कधी 3 अंशांवर जात नाही. उणे 40 अंशांचा डेसिकंट ड्रायर स्वतःचे दाणे सुकवायला साधारण 15 टक्के हवा खातो. ज्यांची हवा आधीच अपुरी आहे त्यांनी तो घेऊ नये.

ड्रायर टाकीच्या पुढे बसवा, कारण पिस्टन कॉम्प्रेसरची गरम हवा टाकीत आधी निवते. मात्र तिथे त्यातून 16 नव्हे, 24 घनफूट हवा जाणार. शिवाय ड्रायरवर लिहिलेली क्षमता बहुधा आत येणारी हवा 35 अंशांची धरून दिलेली असते. उन्हाळ्यात ती 45 अंशांची आली तर क्षमता साधारण 70 टक्क्यांवर येते. म्हणून या वर्कशॉपला 35 ते 40 घनफुटांचा ड्रायर लागतो, 20 चा नाही.

मालकांनी आधी होज बदलला. तुम्हीही मोठा कॉम्प्रेसर बघायला जाण्याआधी हत्याराच्या तोंडाशी मीटर लावा, हत्यार चालू करा आणि काटा कुठे थांबतो ते बघा.