पाण्यात शिरलेला लाल किरण लालच का राहतो?

काचेच्या भांड्यात पाणी घ्यावं, त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि बाजूने लाल लेझर पॉइंटरचा किरण सोडावा. पाण्यातून जाणारी लाल रेघ स्पष्ट दिसते. आता गणित करू. या लेझरची हवेतली तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून हवेत सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश पाण्यात सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटरवर येतो. तरंगलांबीही त्याच प्रमाणात आखडते आणि ४८८ नॅनोमीटर होते. पुस्तकातल्या तक्त्यात ४८८ समोर मात्र निळा रंग लिहिलेला असतो. मग रेघ निळी का दिसत नाही?

कुणी म्हणेल, आपण ती बाहेरून पाहतो. प्रकाश हवेत परत येताच तरंगलांबी पुन्हा ६५० होते. हे खरं आहे, पण पाण्यात डोकं बुडवून पाहिलं तरी लाल वस्तूचा लेझर-ठिपका लालच दिसतो. शिवाय आपला डोळाच आतून द्रवाने भरलेला आहे आणि त्याचा अपवर्तनांक पाण्याएवढाच, १.३४ च्या आसपास. म्हणजे दृष्टिपटलाजवळ पोचणारा लाल प्रकाश वाटेत हवा असो की पाणी, नेहमी सुमारे ४८६ नॅनोमीटरचाच असतो. तक्त्यातले आकडे निर्वात जागेतले किंवा हवेतले आहेत. डोळ्यातली रंगद्रव्यं प्रतिसाद देतात तो वारंवारतेला, आणि या लेझरची वारंवारता दोन्हीकडे तीच आहे: सेकंदाला सुमारे ४६० लाख कोटी कंपनं.

ती का बदलत नाही, हे ध्वनीच्या उदाहरणात अधिक सहज कळतं, कारण तिथले आकडे आवाक्यातले आहेत. तलावाच्या काठावर ५०० हर्ट्झचा स्वर वाजतो आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर लाटेची लांबी ३४० भागिले ५००, म्हणजे ६८ सेंटिमीटर. पाण्यात वेग सुमारे १,४८० मीटर, म्हणून तिथली लांबी जवळजवळ ३ मीटर. इथे वेग वाढला, तशी लांबीही वाढली.

आता पाण्याच्या पृष्ठभागाकडे लक्ष देऊ. हवेचा दाब त्याला सेकंदात ५०० वेळा खाली ढकलतो. हवा जिथे संपते तिथेच पाणी सुरू होतं; दोघांमध्ये पोकळी राहत नाही. तोच पृष्ठभाग हवेच्या बाजूने ५०० वेळा आणि पाण्याच्या बाजूने ४०० वेळा हलू शकत नाही. समजा, पाण्यात ४०० च लाटा निघाल्या. मग दर सेकंदाला १०० लाटा सीमेवर शिल्लक राहतील, मिनिटाभरात ६,०००. त्या साठवायला तिथे जागाच नाही. काही ध्वनी हवेत परत फिरतो हे खरं, किंबहुना इथे बहुतेक ऊर्जा परतच जाते. पण परतणारी लाटही ५०० हर्ट्झचीच असते. परावर्तनाने लाटेचा जोर वाटला जातो, लाटांची संख्या नाही.

म्हणून वारंवारता ठरवतो तो स्रोत. वेग ठरवतं माध्यम: ते किती ताठर आणि किती घन आहे यावरून. लांबी या दोघांच्या भागाकारातून आपोआप येते.

प्रकाशाच्या बाबतीत ढकललं जातं ते पाण्याच्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना. येणाऱ्या लहरीचं विद्युतक्षेत्र ज्या लयीत बदलतं त्याच लयीत ते थरथरतात आणि त्याच लयीचा प्रकाश बाहेर टाकतात, फक्त किंचित मागे पडून. मूळ लहर आणि ही मागे पडलेली लहर एकत्र आल्या की त्यांची बेरीज संथ चालते. अपवर्तनांक १.३३ होतो तो यामुळे.

लांबी खरोखर आखडते याचा पुरावा जुना आहे. बहिर्गोल भिंग सपाट काचेवर ठेवलं की मधल्या हवेच्या पातळ थरामुळे रंगीत वलयं दिसतात. न्यूटनने त्या फटीत पाणी जाऊ दिलं तेव्हा वलयं लहान झाली. व्यासांचं प्रमाण साधारण ७ ला ८ आलं. त्यावरून थराच्या जाडीचं प्रमाण ३ ला ४ निघतं, आणि १ भागिले १.३३ म्हणजे तेवढंच. न्यूटन मात्र प्रकाश कणांचा मानत होता आणि पाण्यात त्याचा वेग वाढतो असं समजत होता. तो कमी होतो हे फूकोने १८५० मध्ये प्रयोगाने दाखवलं.

या नियमालाही अटी आहेत. सीमा स्थिर हवी; ती स्वतः सरकत असेल तर परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते. दुसरी अट अशी, की माध्यमाने ढकलण्याच्या प्रमाणातच हलायला हवं. प्रखर लेझरपुढे काही स्फटिकांमधले इलेक्ट्रॉन तसे हलत नाहीत. त्यांची थरथर वेडीवाकडी होते आणि तिच्यात दुप्पट लयही मिसळते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये लाल रुबी लेझर क्वार्ट्झमधून पाठवून अतिनील प्रकाश मिळवला. बाजारातल्या अनेक हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये हेच घडतं: १,०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश एका छोट्या स्फटिकातून जाताना त्याचा काही भाग ५३२ नॅनोमीटरचा होऊन बाहेर पडतो. वारंवारता सेकंदाला २८२ लाख कोटींवरून ५६४ लाख कोटींवर जाते. हा ५३२ चा प्रकाश बाहेर हवेत आल्यावरही हिरवाच राहतो, कारण इथे लांबीबरोबर वारंवारताही खरोखर बदललेली असते.