बासष्ट मोठे की चौऱ्याहत्तर?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना निधी देताना कॉलेजची समिती बहुधा शंभर गुणांचा तक्ता करते: गरजेला तीस, पूर्ण होण्याच्या शक्यतेला चाळीस, खर्चाच्या हिशेबाला तीस. तक्ता ठीक असतो, घोटाळा होतो तो बेरजेनंतर.

समजा, वसतिगृहातली पाणीगळती ओळखणाऱ्या यंत्राला एका सरांनी 62 गुण दिले, आणि कँटीनच्या टोकन-ॲपला दुसऱ्या मॅडमनी 74. यादीत ॲप वर जातं. पण सरांनी वाचलेल्या सगळ्या प्रस्तावांची सरासरी 52 आहे, मॅडमची 72. म्हणजे यंत्र सरासरीच्या दहा गुण वर आहे, ॲप फक्त दोन. पहिली यादी प्रकल्पांपेक्षा परीक्षकांचा हात सैल की आखडता, हेच मोजत होती.

म्हणून प्रत्येक गुणातून त्या परीक्षकाची सरासरी वजा करायची. मात्र मॅडमच्या गठ्ठ्यात खरोखरच चांगले प्रस्ताव आले असतील, तर ही वजाबाकी त्यांच्यावर अन्याय करते. त्यासाठी गठ्ठे चिठ्ठ्या टाकून वाटावेत आणि दोन-तीन प्रस्ताव सर्वांनीच वाचावेत. त्या समान प्रस्तावांवरून कोण कडक, कोण सढळ हे दिसतं. चार-पाच प्रस्तावांचीच सरासरी असेल, तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

शेवटच्या जागेसाठी एखाद-दोन गुणांचाच फरक उरला, तर मला तो फरक मानवत नाही. तिथे दोन्ही गटांना बोलावून दहा-दहा मिनिटं ऐकावं.