क्यूटी लांबतो तेव्हा

क्यूटी म्हणजे: ईसीजीवर दिसणारा, हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावून विद्युतदृष्ट्या पूर्ववत होईपर्यंतचा काळ. हृदयगतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी 500 मिलिसेकंदांपुढे गेला की धोका ठळक वाढतो.

कसा लांबतो: समजा, मासवणमधल्या एका महिलेला दोन दिवस उलट्या-जुलाब आहेत. पोटॅशियम, मॅग्नेशियम घटले आहे. त्यात उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन आणि संसर्गासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू झाले. दोन्ही औषधे पेशीबाहेर पोटॅशियम सोडणारा मार्ग अडवतात. रक्तातले पोटॅशियम घटल्यानेही तो मंदावतो. पेशी पूर्ववत व्हायला उशीर होतो आणि मधेच अवेळी ठोका पडतो. तो आधीच्या ठोक्याच्या टी-लहरीवर आला, तर टॉर्साड सुरू होतो: ईसीजीच्या लहरी रेषेभोवती पीळ घेतात. रुग्णाला भोवळ येते, शुद्ध हरपते.

उपचार: नाडी लागत नसेल तर छातीदाब आणि तत्काळ विजेचा झटका. नाडी असेल तर 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून, सुमारे 10 मिनिटांत; रक्तातले मॅग्नेशियम नॉर्मल असले तरीही. कारणीभूत औषधे बंद. पोटॅशियम 4.5 ते 5 पर्यंत आणतात. टॉर्साड परतत राहिला तर तात्पुरत्या पेसमेकरने ठोके वाढवतात, कारण वेग वाढला की क्यूटी आखडतो. अमिओडॅरोन टाळतात, ते स्वतःच क्यूटी लांबवते.