तक्रारीची पोच

कामाच्या ठिकाणी झालेल्या लैंगिक छळाची तक्रार लिहून एचआरच्या पत्त्यावर पाठवली की पाठवणारीला सर्वात जड जातात ते पुढचे एक-दोन दिवस. मेल कोणी वाचली, ती कोणाकोणाकडे गेली, साहेबांच्या कानावर गेली का, यातलं तिला काहीच कळत नसतं. म्हणून एचआरकडून येणारं पहिलं उत्तर, म्हणजे तक्रारीची पोच, नीट लिहिलेली असावी लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घटना १४ मार्चची आहे आणि तक्रार ३ जूनला, मंगळवारी, एचआरला मिळाली. २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. उशिराचं कारण पटलं, तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. इथे मुदत संपायला जेमतेम अकरा दिवस उरलेत. तक्रार कधी हाती आली याची तारीख पोचेत असली, तर पुढे मुदतीवरून वाद निघाल्यावर तोच कागद कामाला येतो. मजकूर साधारण असा असावा:

‘आपले ३ जूनचे पत्र व सोबतची चार पाने आज मिळाली. हे पत्र आजच अंतर्गत समितीच्या अध्यक्षांकडे दिले आहे. पत्रात नमूद केलेल्या घटनांची चौकशी समिती करेल. त्याबाबत एचआर विभागाने कोणतेही मत बनवलेले नाही. समिती पत्राची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे १२ जूनपर्यंत, संबंधित व्यक्तीला देईल. प्रत मिळाल्यापासून त्यांना लेखी उत्तरासाठी दहा कामकाजाचे दिवस असतील. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. चौकशी चालू असताना आपली किंवा त्यांची बदली, किंवा आपल्याला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी सोय हवी असल्यास समितीकडे लेखी मागावी. ही रजा आपल्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असेल. शंका असल्यास समितीच्या अध्यक्षांशी थेट बोलावे.’

खाली अध्यक्षांचं नाव आणि फोन नंबर.

यात ‘आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल खेद वाटतो’ असं वाक्य नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी या वाक्याने चौकशीआधीच निकाल दिल्यासारखं होतं, आणि समोरचा माणूस पुढे तेच दाखवून चौकशी एकतर्फी होती असं म्हणू शकतो. ‘तथाकथित घटना’ हा शब्दप्रयोगही तितकाच वाईट, कारण तो वाचणारीला पहिल्याच दिवशी खोटं पाडतो. ‘पत्रात नमूद केलेल्या घटना’ एवढं म्हटलं की दोन्ही बाजूंना न्याय मिळतो. ‘योग्य ती कारवाई करू’ हेही टाळावं. कारवाई होईलच असं आज कोणीच सांगू शकत नाही. चौकशी होईल, एवढंच आज खरं आहे. मात्र ती भीत भीत लिहिणारी बाई आहे हे ध्यानात ठेवून भाषा कोरडी असली तरी कठोर नसावी, असं मला मनापासून वाटतं.

सर्वात जास्त घोळ होतो तो मजकुराबाहेर. तक्रारीच्या मेलमध्ये तिने धीर यावा म्हणून दोन सहकाऱ्यांना सीसीमध्ये ठेवलेलं असतं, आणि एचआरमधला कोणी सवयीने ‘सर्वांना उत्तर’ दाबतो. कायद्याच्या कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची नावं उघड करायला बंदी आहे. पोच एकटीच्याच पत्त्यावर जायला हवी. मेलच्या विषयात ‘लैंगिक छळ’ असे शब्दही नसावेत, कारण मीटिंगमध्ये लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला असताना ती ओळ कोपऱ्यात सगळ्यांसमोर झळकते. ‘आपले ३ जूनचे पत्र’ एवढा विषय पुरतो.

दुसरा घोळ म्हणजे पोच पाठवून एचआर स्वतःच ‘जरा बोलून घेऊ’ म्हणत समोरच्याला केबिनमध्ये बोलावतं. चौकशी करणं हे समितीचं काम. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असतो, तो याचसाठी. तडजोडीचा मार्ग कायद्यात आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच. पैसे देऊन मिटवणं त्यात बसत नाही. त्यामुळे पोचेसोबत तडजोडीचा फॉर्म जोडून पाठवू नये. तो दबाव वाटतो.

आणि पोच आलीच नाही तर? वाट पाहत बसू नये. तक्रार मूळ तारखेच्या मेलसह थेट समितीच्या अध्यक्षांना पाठवावी. समितीची माहिती ऑफिसात दिसेल अशा जागी लावणं मालकाला बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अशी समिती नसते. तिथली तक्रार, आणि खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.