भरवसा आणि विश्वस्तनामा

माहूरमध्ये भाविकांच्या वर्दळीवर चालणारी दुकाने अनेक कुटुंबांचा आधार आहेत. समजा, अशाच एका दुकानाचे मालक असलेल्या वयस्क गृहस्थांचा थोरला मुलगा वारला आणि मागे दोन लहान लेकरे राहिली. धाकटा मुलगा हयात आहे, म्हणून हनफी फिकहप्रमाणे वारसाहक्कात या यतीम नातवंडांना वाटा येत नाही. आजोबांना त्यांची काळजी आहे. ते सर्वांसमक्ष धाकट्याला म्हणतात, “दुकान तुझ्या नावावर करतो. भावाच्या लेकरांना तू काही कमी पडू देणार नाहीस, याचा मला भरवसा आहे.”

हे शब्द मनाला भिडतात. पण पुढे चाचाने हात आखडला तर त्यांच्या बळावर मुलांना दावा करणे कठीण आहे. ‘मसुरी बँक विरुद्ध रेनर’ या 1882 च्या खटल्यात असेच घडले. पत्नी मुलांना न्यायाने वाटून देईल, या विश्वासाने पतीने सर्व मालमत्ता तिला दिली होती. प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की हा विश्वस्त व्यवहार नाही, पत्नीच पूर्ण मालक आहे. तिने किती खर्चायचे आणि काय उरवायचे, हे ठरलेलेच नव्हते.

त्याच वर्षीच्या भारतीय विश्वस्त कायद्यानुसार चार गोष्टी वाजवी स्पष्टतेने दिसाव्या लागतात: विश्वस्त नेमण्याचा इरादा, हेतू, लाभार्थी आणि मालमत्ता. शिवाय मालमत्ता विश्वस्ताच्या स्वाधीन करावी लागते. दुकान स्थावर असल्याने हयातीत तसे करायचे तर लेखी, सही केलेला आणि नोंदणीकृत दस्त हवा. त्यात असे लिहावे: “हे दुकान मी मुलाच्या ताब्यात विश्वस्त म्हणून देतो. भाडे या दोन नातवंडांच्या शिक्षणावर आणि पालनपोषणावर खर्च करावे. धाकटे 21 वर्षांचे झाल्यावर दुकान दोघांना समान द्यावे.” मुलांची पूर्ण नावे आणि दुकानाच्या चतुःसीमा हव्यातच. वसीयतीनेही हे करता येते, पण वारसांच्या संमतीशिवाय वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते. हे वक्फ नव्हे; त्याचे नियम वेगळे आहेत.

आता चाचा कागदावर मालक दिसला तरी लाभ मुलांचा आहे. भाडे महिना 6,000 असेल तर वर्षाचे 72,000 रुपये स्वतंत्र खात्यात जमा व्हावेत आणि मागितल्यावर हिशेब मिळावा. दुकानाची काळजी त्याने स्वतःच्या मालमत्तेइतक्याच शहाणपणाने घ्यायची. भाडे स्वतःच्या धंद्यात घालणे किंवा दुकान स्वस्तात स्वतःच वापरणे हा विश्वासभंग आहे आणि नुकसान त्याला भरून द्यावे लागते. दस्तात तरतूद नसेल तर श्रमाचा मोबदलाही मिळत नाही.

पासबुकात भाड्याची नोंद दिसत नाही आणि “घरातलेच आहे, हिशेब कसला?” असे उत्तर मिळते, तिथे गडबड ओळखावी. सूरह निसाने यतीमांचा माल त्यांना सोपवताना साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. घरातल्या माणसावर भरवसा असतानाही कागद करावा, तो याचसाठी.