तीन महिन्यांची साखर रक्तात कुठे नोंदली जाते?

डॉक्टरांकडे जायच्या आधी दोन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी न चुकता फेरी. मधुमेह असलेल्या अनेक घरांत हे चालतं. उपाशीपोटीची साखर मग चांगली येते, पण त्याच रक्तातला एचबीए१सीचा आकडा मात्र हलत नाही. लोक या तपासणीला सरळ ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. रक्त एका सकाळी काढलेलं असताना तीन महिन्यांपूर्वीची साखर त्यात कशी दिसते, हे नीट समजून घ्यायला हवं. ही नोंद कशी होते हे कळलं, तर ती कधी चुकते हेही कळतं.

ही नोंद होते तांबड्या पेशीत. या पेशीच्या आत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. ग्लुकोज या पेशीत इन्सुलिनच्या मदतीशिवाय शिरतं. त्यामुळे रक्तात साखर जितकी जास्त, तितकी पेशीच्या आतही जास्त. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत चार साखळ्या असतात. त्यांतल्या बीटा नावाच्या साखळीच्या टोकाशी ग्लुकोजचा रेणू जाऊन चिकटतो. हे घडायला कोणतंही विकर, म्हणजे एन्झाइम, लागत नाही. साखर आणि प्रथिन एकत्र असली की ही क्रिया आपोआप, अगदी संथपणे होत राहते. सुरुवातीचं बंधन कच्चं असतं आणि साखर उतरली की सुटूही शकतं. पण काही बंधनांत अणूंची जागा बदलते आणि जोड पक्का होतो. तो मग साखर उतरली तरी सुटत नाही.

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं हिमोग्लोबिन बनवू शकत नाही. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेला साठाच तिला मरेपर्यंत पुरवायचा असतो, आणि तिचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. म्हणून चिकटलेली साखर पेशीबरोबरच राहते आणि वयाबरोबर वाढत जाते. एचबीए१सी 7 टक्के म्हणजे दर शंभर हिमोग्लोबिन रेणूंपैकी सुमारे सात रेणूंवर अशी साखर पक्की बसलेली आहे. मधुमेह नसलेल्या माणसातही हा आकडा पाचच्या आसपास असतो, कारण साखर प्रत्येकाच्या रक्तात असतेच.

तेहरानमध्ये सॅम्युअल राहबार हे संशोधक वेगळ्या जातींची हिमोग्लोबिनं शोधत असताना 1968मध्ये त्यांना मधुमेहींच्या रक्तात एक निराळा पट्टा ठळकपणे दिसला. 1976मध्ये अमेरिकेत रोनाल्ड कोनिग, अँथनी सेरामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की साखर आटोक्यात आली की काही आठवड्यांनी हा आकडाही उतरतो. तिथून ही मधुमेहाच्या देखरेखीची तपासणी झाली.

मात्र ‘तीन महिन्यांची सरासरी’ हे वर्णन पुरतं बरोबर नाही. या तीन-चार महिन्यांतल्या सगळ्या दिवसांचं वजन सारखं नसतं. रक्त काढतो त्या दिवशी त्यात सगळ्या वयाच्या पेशी असतात. समजायला सोपं जावं म्हणून त्यांचे महिन्या-महिन्याच्या वयाचे चार गट करू. गेल्या महिन्यातली साखर चारही गटांनी पाहिली. त्याआधीच्या महिन्यातली फक्त तीन गटांनी, कारण सर्वांत तरुण गट तेव्हा जन्मलाच नव्हता. तिसऱ्या महिन्यातली दोन गटांनी आणि चौथ्या महिन्यातली एकाच गटाने. म्हणजे वजनं झाली चार, तीन, दोन, एक. दिवसागणिक बारीक हिशेब केला तर शेवटच्या महिन्याचा वाटा आणखी थोडा वाढतो आणि एकूण आकड्याच्या निम्म्याजवळ पोचतो.

एक उदाहरण घेऊ. एखाद्याचा एचबीए१सी 9 आहे, म्हणजे सरासरी साखर 212च्या आसपास. औषध सुरू झालं आणि सरासरी लगेच 126वर स्थिरावली. या सरासरीचा एचबीए१सी 6. पण महिन्याने तपासलं तर आकडा 6 येणार नाही, साडेसात-पावणेआठच्या दरम्यान येईल. दुसऱ्या महिन्याअखेर पावणेसातच्या जवळपास, तिसऱ्या अखेर सव्वासहाच्या आत, आणि जुन्या पेशी संपल्यावर 6. महिन्याने आलेला पावणेआठ पाहून ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवणं म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे. औषध पूर्ण लागू पडलेलं असतं, फक्त जुन्या पेशी अजून रक्तात असतात. ही तपासणी साधारण तीन महिन्यांनी परत करायला सांगतात ती याचमुळे.

सुरुवातीच्या त्या दोन दिवसांच्या पथ्याचा हिशेबही असाच होतो. शेवटच्या दोन दिवसांचं वजन तीन-साडेतीन टक्के. त्या दोन दिवसांत साखर शंभरने उतरवली तरी सरासरी तीनएकनेच हलते आणि एचबीए१सी फार तर एक दशांशाने.

आता याची दुसरी बाजू. हा आकडा साखर किती होती यावर जितका अवलंबून आहे, तितकाच पेशी किती काळ साखरेत राहिली यावरही आहे. पेशींचं आयुष्य बदललं की साखर तीच असूनही आकडा बदलतो. आपल्याकडे याचा सर्वाधिक फटका लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया झालेल्या बायकांना बसतो. लोह नसलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि एचबीए१सी फुगतो. समजा, एका बाईचं हिमोग्लोबिन 8 आहे, एचबीए१सी 6.6, पण उपाशीपोटीची साखर 94 आणि जेवणानंतरची 125. एचबीए१सी 6.5 किंवा वर गेला की मधुमेह, हा नियम इथे डोळे मिटून लावला तर तिला नसलेला आजार चिकटवला जाईल. लोहाच्या गोळ्यांनी तरुण पेशी भराभर रक्तात आल्या की तोच आकडा खाली येतो.

सिकलसेलच्या आजारात उलटं होतं. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाच्या काही भागांत हा आजार ठळकपणे आढळतो. त्यात पेशी काही आठवड्यांतच फुटतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा चांगला दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल, तरीही आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी बोट टोचून घेतलेल्या साखरेच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामीन ही तपासणी उपयोगी पडते. रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर ती मोजते आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते.

सरासरीची म्हणून एक मर्यादा उरतेच. दिवसभर 154च्या आसपास असलेला माणूस आणि पहाटे 60, जेवणानंतर 260 असे हेलकावे खाणारा माणूस, दोघांचाही अहवाल 7 टक्के येऊ शकतो. दुसऱ्याला पहाटे घाम फुटत असेल, हातपाय थरथरत असतील, तर ते या आकड्यात दिसत नाही. ते त्याने स्वतः डॉक्टरांना सांगायला हवं.

तेव्हा अहवाल हातात आला की एचबीए१सीच्या शेजारी हिमोग्लोबिन किती आहे तेही पाहा. ते कमी असेल, घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त दिलं-घेतलं असेल, किंवा घरी मोजलेली साखर आणि हा आकडा जुळत नसेल, तर औषध बदलण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला.