पाणी न मिसळता वितळणारी जमीन

दरड कोसळते ती मुसळधार पावसात, असा आपल्याकडचा अनुभव आहे. 2014मध्ये माळीणला तेच घडले. पण 29 एप्रिल 1978 रोजी नॉर्वेतल्या रिसा गावी जे झाले, त्याला पावसाची गरज पडली नाही. एका शेतकऱ्याने गोठा वाढवण्यासाठी खोदकाम केले आणि निघालेली सुमारे 700 घनमीटर माती बोटनेन तलावाच्या काठावर टाकली. तेवढा भार पुरला. आधी काठाचा पट्टा तलावात गेला, मग मागची जमीन कडेकडेने तुटत राहिली आणि शेवटी मोठमोठे तुकडे घरांसकट वाहू लागले. सुमारे 33 हेक्टर जमीन गेली. एकाचा जीव गेला. हौशी मंडळींनी कॅमेऱ्यात टिपलेल्या या घटनेत शेतजमीन अक्षरशः वाहताना दिसते.

ही जमीन दलदलीची असणार, हा पहिला गैरसमज. तिच्यावर शेते पिकत होती, घरे उभी होती. हिला क्विक क्ले म्हणतात. हिमनद्यांनी खडक दळून केलेली बारीक पूड हिमयुगाच्या अखेरीस खाऱ्या समुद्रात साचली. मिठामुळे तिचे चपटे कण एकमेकांना चिकटले, पण दाटीने नव्हे; पत्त्यांच्या बंगल्यासारखे, मधल्या पोकळ्यांत भरपूर पाणी धरून. पुढे बर्फाचा भार उतरल्यावर जमीन समुद्राच्या वर आली आणि गोड्या भूजलाने हजारो वर्षांत मीठ धुऊन नेले. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. इथे ते एक-दोन ग्रॅमपर्यंत उतरते. बंगला उभाच राहतो, पण कणांना धरून ठेवणारे मीठ गेलेले असते.

आता ती रचना एकदा मोडली की कण पुन्हा जुळत नाहीत, आणि पोकळ्यांतले पाणी मोकळे होते. म्हणजे पातळ व्हायला बाहेरून थेंबभरही पाणी लागत नाही! प्रयोगशाळेत याच मातीचा अख्खा नमुना वजन पेलतो. तोच ढवळला की भांड्यातून ओतता येतो.

भूकंप किंवा तीव्र उतार हवाच, हेही खरे नाही. ओढ्याने पायथा कुरतडला तरी पुरते. 30 डिसेंबर 2020 रोजी नॉर्वेतल्याच येर्ड्रुमला दहा जणांचे बळी घेणाऱ्या घसरणीमागे अशीच धूप होती. उतार सौम्य असला तरी धोका टळत नाही, कारण पुढची माती वाहून गेली की मागच्या कड्याचा आधार सुटतो आणि घसरण मागे सरकत जाते.

मुंबईच्या खाड्यांतला चिखलही समुद्री आणि मऊ आहे, पण तो हिमनदीने दळलेला नाही आणि खाऱ्या पाण्यातून बाहेर पडून धुतलाही गेलेला नाही. त्याला क्विक क्ले म्हणणे चूक.

एकदा पातळ झालेली माती वाया गेली, असेही नाही. त्या ओतता येणाऱ्या मातीत थोडे मीठ कालवले, तर ती पुन्हा घट्ट होते. मात्र बांधकामाखालच्या जमिनीत नॉर्वेतले अभियंते बहुधा चुना आणि सिमेंट मिसळून खांब तयार करतात.